मध्यस्थ चलाचा निकाल वाक्यांत कसा मांडला

पुण्यातील एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात हिंजवडीचा रोजचा प्रवास आणि थकवा यांच्यातला संबंध किती प्रमाणात झोपेच्या वाटेने जातो हे तपासले होते; म्हणजे झोप हे मध्यस्थ चल होते. या दुव्यांचे गुणांक तक्त्यात बरोबर होते. परंतु परिच्छेदात तेच आकडे पुन्हा लिहिल्यामुळे परिणामाची वाट वाचकालाच शोधावी लागत होती. आम्ही प्रत्येक दुव्यासाठी एककासह एक वाक्य लिहिले. येथे समजण्यासाठी सोपे आकडे घेतो:

‘प्रवास एका तासाने जास्त असणाऱ्यांची झोप सरासरी अर्ध्या तासाने कमी आढळली. प्रवास सारखाच असताना, झोप एका तासाने कमी असणाऱ्यांच्या थकव्याचे गुण सरासरी ४ ने जास्त होते. म्हणून प्रवासाच्या एका जादा तासामागे दिसणाऱ्या ३ गुणांच्या फरकापैकी २ गुण झोपेच्या वाटेशी जोडलेले आहेत आणि १ गुण त्या वाटेबाहेरचा आहे.’

‘प्रवास सारखाच असताना’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण दुसरा दुवा त्याच अटीवर मोजलेला असतो. त्यानंतर त्या २ गुणांची बूटस्ट्रॅपने, म्हणजे त्याच माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन, काढलेली ९५ टक्के विश्वासमर्यादा दिली आणि तिच्यात शून्य येत नाही, हे शब्दांत सांगितले. उरलेला १ गुणाचा थेट परिणाम सांख्यिकीय दृष्ट्या सार्थ नसला, तरी तेवढ्यावरून सारा परिणाम झोपेतूनच होतो असे म्हणता येत नाही. शिवाय माहिती एकाच वेळी गोळा केलेली असल्याने झोप ‘कमी आढळली’ असेच लिहिले, ‘प्रवासामुळे कमी झाली’ असे नाही.