बिल ऑफ एंट्री कसे वाचावे आणि जास्त भरलेल्या सीमाशुल्काचा परतावा कोणत्या शब्दांत मागावा

परदेशातून यंत्र मागवणारा नाशिकचा उद्योजक न्हावा शेवा बंदरातून माल सुटल्यावर बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे सीमाशुल्क कार्यालयात दाखल केलेल्या आयातीच्या नोंदीची, प्रत हाती घेतो, शेवटचा आकडा पाहतो आणि ती फाइलला लावतो. प्रत इंग्रजीत असते, रकाने आखूड संक्षेपांनी भरलेले असतात, आणि ती भरणारा कस्टम ब्रोकर, म्हणजे आपण अजूनही ज्याला सीएचए म्हणतो तो, नवी मुंबईत बसलेला असतो. नेमके याच कारणाने एका ठरावीक प्रकारची चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. भाडे आणि विमा धरूनच ठरलेल्या किमतीवर पुन्हा एकदा भाडे आणि विमा चढवला जातो आणि शुल्क त्या फुगलेल्या रकमेवर भरले जाते. ही चूक ओळखण्यासाठी आणि तिचे पैसे परत मागण्यासाठी इंग्रजी उत्तम यावे लागत नाही. मात्र पाचसहा शब्दांचा कायद्यातला अर्थ पक्का ठाऊक असावा लागतो, कारण शब्दकोशातला अर्थ इथे बहुतेक वेळा फसवतो.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा, दिंडोरी तालुक्यातील एका वायनरीने इटलीहून बाटल्या भरण्याचे यंत्र मागवले. किंमत 40,000 युरो, सीआयएफ न्हावा शेवा, म्हणजे बंदरापर्यंतचे जहाजभाडे आणि विमा विक्रेत्याने याच किमतीत धरलेला आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून युरोचा दर 90 रुपये मानू. प्रत्यक्षात बँकेचा दर लागत नाही, सीमाशुल्क मंडळाने जाहीर केलेला दर लागतो, त्यामुळे बँकेच्या कागदाशी रुपयांचा आकडा जुळला नाही तर ती चूक समजू नये. या दराने यंत्राची किंमत 36,00,000 रुपये होते आणि शुल्क एवढ्याच रकमेवर लागायला हवे.

आता प्रतीचा दुसरा भाग उघडावा, ज्यावर INVOICE & VALUATION DETAILS असे लिहिलेले असते. इथे `TERM` नावाचा रकाना असतो. ‘टर्म’ म्हणजे मुदत असे समजून अनेक जण त्यावरून नजर पुढे नेतात. मुदतीशी त्याचा संबंध नाही. माल कोणत्या अटीवर विकला, म्हणजे किमतीत भाडे-विमा धरला आहे की नाही, हे त्यात सांगितलेले असते. आपल्या इन्व्हॉइसवर सीआयएफ आणि या रकान्यात मात्र `FOB` असे दिसले, तर दोष तिथेच आहे. एफओबी म्हणजे जहाजावर माल चढवेपर्यंतची किंमत, आणि त्यावर भाडे-विमा मिळवणे कायद्याने आवश्यक असते.

त्याच पानावरचे `FREIGHT` आणि `INSURANCE` हे रकाने आता तपासावेत. 2007 च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे भाड्याचा खर्च समजू शकत नसेल तर एफओबी किमतीच्या 20 टक्के आणि विम्याचा खर्च समजू शकत नसेल तर 1.125 टक्के धरला जातो. खरे भाडे कधीही इतके गोल येत नाही. म्हणून भाड्याचा आकडा किमतीच्या बरोबर एक पंचमांश निघाला, तर ब्रोकरकडे भाड्याची पावती नव्हती आणि त्याने नियमातला ठोकळा लावला, असे खुशाल समजावे. आपल्या उदाहरणात भाडे 7,20,000 आणि विमा 40,500 रुपये धरला गेला. `TOT.ASS VAL` या रकान्यात, म्हणजे ज्या एकूण मूल्यावर शुल्क आकारले त्यात, 43,60,500 रुपये आले. जास्तीचे मूल्य 7,60,500 रुपये.

तिसऱ्या भागात शुल्क असते. `BCD` हे मूळ सीमाशुल्क, `SWS` हा त्याच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार आणि `IGST` हा आयातीवरचा एकात्मिक वस्तू व सेवा कर, म्हणजे आयजीएसटी. या यंत्रावर मूळ शुल्क 7.5 टक्के आणि आयजीएसटी 18 टक्के धरल्यास जास्तीच्या मूल्यावर सुमारे 57,038 रुपये मूळ शुल्क, 5,704 रुपये अधिभार आणि, हे दोन्ही मूल्यात मिळवून त्यावर, सुमारे 1,48,183 रुपये आयजीएसटी गेला. एकूण आकडा दोन लाखांच्या वर जातो आणि मालक साहजिकच तेवढ्याची मागणी करायला निघतो. इथे थांबावे. बिल ऑफ एंट्रीवरचा आयजीएसटी जीएसटीआर-2बी मध्ये दिसला आणि त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले असेल, तर ते पैसे दुसऱ्या मार्गाने हातात आलेले आहेत. ते पुन्हा मागितले की सगळा अर्ज संशयात सापडतो. मागायचे ते मूळ शुल्क आणि अधिभार मिळून 62,741 रुपये, आणि आयजीएसटीचे क्रेडिट घेतल्यामुळे त्याचा परतावा मागत नाही, हे अर्जात आपण होऊन लिहावे.

पुढचा टप्पा बहुतेकांचा चुकतो, कारण ते थेट परताव्याचा अर्ज करतात. सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 17 प्रमाणे आयातदाराने स्वतः भरलेली आकारणी हीसुद्धा आकारणीच असते. ती जोवर बदललेली नाही तोवर परतावा देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली आयटीसी कंपनीच्या प्रकरणात ठरवले. इंग्रजीतला ‘असेसमेंट’ हा शब्द मराठीत मूल्यांकन म्हणून वाचला तर हा मुद्दा हुकतो. मूल्यांकन म्हणजे ‘व्हॅल्युएशन’, मालाची किंमत ठरवणे. असेसमेंट म्हणजे आकारणी, त्या किमतीवर देय शुल्क ठरवणे. आपली तक्रार किमतीबद्दल असली तरी दुरुस्ती आकारणीची मागायची असते.

ती दुरुस्ती कलम 149 खाली मागता येते, आणि आयटीसी निकालानंतरही हा मार्ग खुला असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने 2021 साली डायमेन्शन डेटा प्रकरणात मान्य केले. या कलमातली अट शब्दशः समजून घ्यावी: माल सुटल्यानंतर दुरुस्ती हवी असेल तर, माल सुटला त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदोपत्री पुराव्याच्याच आधारावर ती मिळते. म्हणून विक्रेत्याकडून आज लिहून घेतलेले ‘किंमत सीआयएफ होती’ असे पत्र निरुपयोगी ठरते. उपयोगी पडतात ते त्या वेळचे इन्व्हॉइस, खरेदी आदेश, ‘फ्रेट प्रीपेड’ असा शिक्का असलेले बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने माल घेतल्याची दिलेली पावती, आणि विक्रेत्याला 40,000 युरोच पाठवल्याचा बँकेचा कागद. ‘फ्रेट प्रीपेड’ म्हणजे माल निघण्यापूर्वीच भाडे भरलेले, आणि तेही आपण नव्हे, विक्रेत्याने. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद हाच आहे.

2025 च्या अर्थ कायद्याने आणखी एक वाट उघडली आहे. नव्या कलम 18ए प्रमाणे माल सुटल्यानंतर आयातदार स्वतःच नोंद सुधारू शकतो आणि परतावा निघत असेल तर ती सुधारित नोंदच परताव्याचा अर्ज मानली जाते. लेखापरीक्षण किंवा तपास सुरू झाल्याचे कळवले गेले असेल किंवा अधिकाऱ्याने फेरआकारणी केली असेल, तर ही वाट बंद होते. आपले प्रकरण या कलमात बसते का, हे ब्रोकरला आधी विचारावे. बसत नसेल तर 149 कडे वळावे.

अर्ज कुठे करायचा, याबद्दलही घोटाळा होतो. नाशिकच्या जीएसटी कार्यालयाचा याच्याशी संबंध नाही. बिल ऑफ एंट्री ज्या सीमाशुल्क कार्यालयात दाखल झाले तिथल्याच सहायक किंवा उपायुक्तांकडे अर्ज जातो. कलम 27 प्रमाणे मुदत शुल्क भरल्याच्या तारखेपासून एक वर्ष आहे. ती माल सुटल्याच्या किंवा गोदामात पोहोचल्याच्या तारखेपासून मोजू नये. शुल्क भरताना ते ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत नोंदवून, भरले असेल तर ही एक वर्षाची मर्यादा लागत नाही. या शब्दाचा अर्थ निषेध असा काढून भांडण नको म्हणून तो टाळणारे उद्योजक मी पाहिले आहेत. त्यात भांडण काही नाही, आपला हक्क राखून ठेवणे एवढेच आहे.

अर्जाची भाषा साधी असावी. पहिल्या परिच्छेदात बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, तारीख आणि शुल्क भरल्याची तारीख द्यावी. दुसऱ्यात चूक एका वाक्यात सांगावी: इन्व्हॉइसची अट सीआयएफ असताना एफओबी नोंदली गेल्यामुळे भाडे आणि विमा दुसऱ्यांदा मिळवला गेला. ‘शुल्क फार जास्त वाटते, कृपया विचार व्हावा’ अशी विनवणी लिहू नये; अधिकाऱ्याला दयेचा अधिकार नसतो, चूक दाखवली तर ती दुरुस्त करण्याचा असतो. तिसऱ्यात आकारणी कोणत्या आदेशाने सुधारली ते आणि मागणीची रक्कम यावी.

शेवटच्या घोषणेत सर्वांत अवघड शब्द येतो, ‘इन्सिडन्स ऑफ ड्यूटी’. शब्दकोशात इन्सिडन्स म्हणजे घटना आणि ड्यूटी म्हणजे कर्तव्य; इथे मात्र दोन्ही मिळून शुल्काचा भार असा अर्थ होतो. हा भार दुसऱ्या कोणावर टाकलेला नाही, असे आयातदाराला जाहीर करावे लागते. यंत्र आपण विकलेलेच नाही, मग भार कोणावर टाकणार, असा प्रश्न वायनरीच्या मालकाला पडेल. कायद्याचे म्हणणे असे की शुल्क यंत्राच्या किमतीत धरून त्यावर घसारा काढला असेल, तर तो खर्च वाइनच्या बाटलीच्या दरातून ग्राहकाकडून वसूल झाला असे मानता येते. म्हणून चूक लक्षात येताच 62,741 रुपये यंत्राच्या खात्यातून काढून ‘सीमाशुल्क येणे’ असे दाखवावेत आणि सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रात ही नोंद कोणत्या ताळेबंदात आहे ते लिहून घ्यावे. नुसते ‘भार टाकलेला नाही’ एवढेच म्हणणारे प्रमाणपत्र सहसा टिकत नाही.

अर्ज अपूर्ण असेल तर उणिवा दाखवून तो परत येतो, आणि पूर्ण अर्ज पोहोचल्यापासून तीन महिन्यांत पैसे न मिळाल्यास पुढच्या काळासाठी वार्षिक 6 टक्के व्याज देय होते. आदेश हाती आल्यावर ‘सँक्शन्ड’ हा शब्द वाचून फाइल बंद करू नये. त्याच्या पुढे ‘कन्झ्युमर वेल्फेअर फंड’ असे शब्द असतील तर परतावा मंजूर झाला पण भार ग्राहकावर गेल्याचे मानून रक्कम ग्राहक कल्याण निधीत जमा केली, असा त्याचा अर्थ आहे. तसे असेल तर आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांच्या आत अपील ऐकणाऱ्या सीमाशुल्क आयुक्तांकडे अपील करावे लागते, आणि तिथे पुन्हा तोच ताळेबंद आणि तेच लेखापालाचे प्रमाणपत्र उघडले जाते.