घरभाड्याचे डिपॉझिट परत मागताना व्याजाची आकारणी: या चुका टाळा

भाड्याचे घर सोडल्यावर डिपॉझिट वेळेत परत आले नाही, तर मागणीपत्रात बहुतेक जण ‘18 टक्के व्याजासह रक्कम द्यावी’ असे एक वाक्य घालतात. हा आकडा बऱ्याचदा जीएसटीच्या उशिरा भरण्यावरील व्याजातून किंवा कुणाच्या तरी जुन्या नोटिशीतून आलेला असतो. घरमालकाने ‘18 टक्के कोणत्या आधारावर?’ असे उलट विचारले की पत्र लिहिणाऱ्याकडे उत्तर नसते, आणि मग मुद्दलाची रास्त मागणीही फुगवलेली वाटू लागते.

दर शोधण्याची पहिली जागा म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करार. डिपॉझिट उशिरा दिल्यास अमुक टक्के व्याज, असे कलम त्यात असेल तर तोच दर घ्यावा आणि पत्रात कलमाचा क्रमांक लिहावा. असे कलम नसेल तर व्याज अधिनियम, 1978 चे कलम 3 उपयोगी पडते. न्यायालय त्यानुसार ‘चालू दरा’पेक्षा जास्त नाही अशा दराने व्याज देऊ शकते, आणि त्या दराची व्याख्या अनुसूचित बँकांच्या ठेवींवरील कमाल दराशी जोडलेली आहे. मुदत ठेवींचे दर आता रिझर्व्ह बँक ठरवून देत नाही, त्यामुळे एखाद्या अनुसूचित बँकेचा एक वर्षाच्या ठेवीचा जाहीर दर घेणे हा समजावून सांगता येईल असा मार्ग आहे. पत्रात बँकेचे नाव, ठेवीची मुदत आणि दर पाहिल्याची तारीख लिहावी, आणि त्या पानाची छापील प्रत जोडावी.

इथे एक शब्द अडचण करतो. अनेक करारांत ‘बिनव्याजी परतावा अनामत’ असे लिहिलेले असते, आणि करारानेच व्याज वगळले असेल तर कलम 3 लागू होत नाही. घरमालक नेमके यावर बोट ठेवतो. म्हणून तो शब्द टाळून पुढे जाण्याऐवजी पत्रातच भूमिका मांडावी, की डिपॉझिट बिनव्याजी होते ते कराराच्या मुदतीपुरते, आणि ताबा दिल्यानंतर ती रक्कम ठेवून घेण्याचा आधार संपला. ही भूमिका मान्य करायची की नाही हे न्यायालय ठरवील, पण ती पहिल्याच पत्रात असलेली बरी.

दुसरी चूक सुरुवातीच्या तारखेची. ‘ताबा देताच डिपॉझिट परत करावे’ असे करारात असेल तर व्याज त्या देय तारखेपासून मोजता येते. परतीची वेळ करारात ठरलेलीच नसेल तर व्याज मागणार असल्याची लेखी सूचना द्यावी लागते, आणि त्या सूचनेत नमूद केलेल्या तारखेपासून ते मोजले जाते. अशा प्रकरणात ‘कृपया पैसे द्यावेत’ एवढेच लिहिलेली तीन-चार पत्रे व्याजाच्या दृष्टीने वाया जातात.

तिसरी चूक मध्येच आलेली रक्कम विसरण्याची. समजा डिपॉझिट 1,20,000 रुपये होते, 31 मार्च 2025 रोजी ताबा दिला आणि त्याच दिवशी रक्कम देय होती. घरमालकाने 30 मे रोजी ‘डिपॉझिटपैकी’ असे लिहून 45,000 रुपये पाठवले, आणि पत्राची तारीख 28 ऑगस्ट आहे. दर 6.5 टक्के धरू. शाळेतले सरळव्याजाचे सूत्रच इथे पुरते, फक्त मुदत दिवसांत घ्यायची. देय दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजले की पहिल्या टप्प्यात 60 आणि दुसऱ्यात 90 दिवस येतात.

```
1,20,000 × 6.5 × 60 ÷ 36,500 = 1,282.19
  75,000 × 6.5 × 90 ÷ 36,500 = 1,202.05
एकूण व्याज                   = 2,484.24
```

पूर्ण 1,20,000 रुपयांवर 150 दिवस आकारले असते तर 3,205.48 रुपये आले असते. फरक 721 रुपयांचाच आहे, पण बँकेचे खाते उघडून तो कुणालाही दाखवून देता येतो. दर महिन्याचे व्याज मुद्दलात मिळवून पुढे आकारणे हीदेखील चूकच, कारण कलम 3 व्याजावर व्याज देण्याचा अधिकार न्यायालयाला देत नाही.

पत्रातला मजकूर असा ठेवता येईल: ‘दि. 28 ऑगस्ट 2025 अखेर मुद्दल 75,000 रुपये व सरळव्याज 2,484.24 रुपये, एकूण 77,484.24 रुपये येणे आहेत. व्याजाचा दर दरसाल दरशेकडा 6.5 असून तो सोबत जोडलेल्या बँकेच्या एक वर्षाच्या मुदत ठेवीच्या दरावर आधारित आहे. यापुढे मुद्दल मिळेपर्यंत प्रतिदिन 13.36 रुपये व्याज मी मागणार आहे.’ प्रतिदिनाचा आकडा दिला की पैसे कोणत्याही दिवशी आले तरी नवे पत्र न लिहिता हिशोब पुरा करता येतो.