पुणे–नागपूर रात्रीची बस: भाडं उतरेल म्हणून थांबताना या चुका टाळा

पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या खासगी स्लीपर गाडीचं भाडं निघायच्या दोन-तीन तास आधी कधी कधी खरंच उतरतं. कधी मात्र तेच भाडं दुपारपासून चढत जातं आणि संध्याकाळी पाहावं तर मागचं एक अप्पर उरलेलं असतं, तेही दुप्पट भावात. कामासाठी पुणं आणि घर नागपूरला, त्यामुळे या मार्गावर मी वर्षानुवर्षं ये-जा करतो. थांबून पैसे वाचवलेत आणि थांबून घालवलेतही. कुठल्या रात्री थांबायचं हे आधी ओळखता येतं. चुका होतात त्या बहुतेक चुकीची गोष्ट बघत बसल्यामुळे.

आधी भाडं उतरतं कशामुळे ते बघू. टू-बाय-वन स्लीपर गाडीत साधारण तीस ते छत्तीस बर्थ असतात. गाडी एकदा काढायची ठरली की डिझेल, टोल, दोन ड्रायव्हर आणि क्लीनर यांचा खर्च ठरलेलाच. गाडी पुण्यातला शेवटचा पॉइंट, वाघोली, ओलांडून गेली की रिकाम्या बर्थचे शून्य रुपये. म्हणून शेवटच्या दोन तासांत मिळतील ते सहा-सातशे रुपयेही मालकाला चालतात. पण हे गाडी रिकामी जात असेल तरच. शेवटची चार सीट उरली असतील तर त्याला माहीत असतं की आता येणारा माणूस अडलेला आहे, आणि अडलेला माणूस मागाल ते देतो.

पहिली चूक: वार बघायचा, पण गाडीची फेरी बघायची नाही

शुक्रवारी गर्दी असते एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण स्वस्त रात्र कोणती, हे विचारलं तर बहुतेक जण मंगळवार-बुधवार सांगतात. त्या रात्री बऱ्या असतात, पण हमखास रात्र शनिवारची. कारण असं की रविवारी रात्री नागपूरहून पुण्याला परतणाऱ्यांची झुंबड असते. त्यांच्यासाठी गाडी रविवारी नागपुरात उभी हवी, म्हणजे ती शनिवारी रात्री पुण्याहून निघायलाच हवी, मग आत पाच माणसं असोत की पंचवीस. वीकेंडला घरी जाणारा शुक्रवारीच गेलेला असतो, त्यामुळे शनिवारी पुण्याहून मागणी कमी आणि गाड्या मात्र पूर्ण. भाडं पडतं ते अशा वेळी.

दिवाळीत हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. वसुबारसेच्या आसपास पुण्याहून विदर्भाकडे जाणाऱ्या गाड्या भरून जातात आणि पुण्याकडे येणाऱ्या रिकाम्या परततात. भाऊबीज झाली की सगळं उलटं होतं. तुम्ही लोंढ्याच्या उलट दिशेने जात असाल तर ऐन दिवाळीतही थांबायला हरकत नाही. लोंढ्याबरोबर जात असाल तर एक दिवससुद्धा थांबू नका. पर्याय नाही म्हणून भाडं वाढतं, आणि रोज पर्याय कमीच होत असतात.

दुसरी चूक: भाड्याकडे बघायचं, सीटच्या नकाशाकडे नाही

ॲपच्या यादीत दिसतं ते ‘इतक्यापासून’ सुरू होणारं भाडं, म्हणजे त्या गाडीतल्या सर्वांत स्वस्त बर्थचं. तो बहुधा मागच्या चाकावरचा अप्पर असतो. काल ९०० दिसत होते, आज १,१०० दिसतात, म्हणून लोक घाबरतात. कित्येकदा फक्त तो एक स्वस्त बर्थ विकला गेलेला असतो आणि बाकीची गाडी तशीच रिकामी असते. उलटही होतं. आकडा आठवडाभर हलत नाही, पण आतून गाडी भरत आलेली असते.

म्हणून मी निघायच्या आदल्या रात्री आणि मग दुपारी दोनच्या सुमारास, असा दोनदा नकाशा उघडतो. माझ्या वेळेच्या चार-पाच गाड्या घेतो आणि एकूण किती बर्थ मोकळे आहेत ते मोजतो. दुपारी दोनला निम्म्याहून जास्त मोकळे असतील आणि आदल्या रात्रीपासून आकडा फारसा घटला नसेल तर थांबतो. तृतीयांशापेक्षा कमी उरले असतील तर जे भाडं असेल त्याला तिकीट काढून मोकळा होतो. हा हिशेब माझ्या अनुभवाचा आहे, कुठला नियम नव्हे. मधल्या स्थितीत, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास मोकळे असतील तेव्हा, मी हल्ली थांबत नाही.

एक बारीक गोष्ट. नकाशात भरलेले दिसणारे सगळेच बर्थ विकलेले नसतात. काही त्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिससाठी किंवा एजंटांसाठी अडवलेले असतात आणि संध्याकाळी सुटतात. संध्याकाळी पाचनंतर अचानक चार-पाच लोअर मोकळे दिसले, तर कुणी तिकिटं रद्द केली असतील असं नाही, अडवलेले बर्थ सोडले असण्याचीच शक्यता जास्त. भाडं उतरायला लागण्याची ती चांगली खूण.

आणि खोडलेल्या किमतीशी तुलना करू नका. ‘१,८०० खोडून १,२००’ यातल्या १,८०० ला काही अर्थ नाही. त्याच गाडीचं, त्याच बर्थचं कालचं भाडं काय होतं, तेवढंच बघा. एसी गाडीवर ५ टक्के जीएसटी लागतो, ॲपचं शुल्कही कधी कधी शेवटच्या पानावर येतं, म्हणून तुलना त्या शेवटच्या पानावरच्या आकड्यांची करा.

तिसरी चूक: वाचणारे पैसे मोजायचे, जाणारे नाही

माझीच दोन उदाहरणं. आषाढातला एक शनिवार, लग्नसराई संपलेली, शाळा सुरू. गुरुवारी सिंगल लोअरचं भाडं १,१०० होतं. शनिवारी दुपारी दोनला चार गाड्यांत मिळून ऐंशीच्या वर बर्थ मोकळे होते. पाच वाजता भाडं ९०० झालं, सातला ७५०. माझा पॉइंट वाघोली, गाडी तिथे पावणेदहाला येणार होती. साडेसातला तिकीट काढलं आणि ३५० रुपये वाचले.

दुसरं उदाहरण जानेवारीतल्या एका शुक्रवारचं. सोमवारी भाडं १,४०० होतं आणि मागच्या यशाच्या भरवशावर मी थांबलो. बुधवारी १,७०० झालं. त्या रविवारी नागपुरात एका स्पर्धा परीक्षेचं केंद्र होतं आणि मुलांच्या झुंडी त्याच शुक्रवारी रात्री निघणार होत्या, हे मला बुधवारपर्यंत ठाऊकच नव्हतं. शुक्रवारी दुपारी मागच्या अप्परसाठी २,४०० मोजले. म्हणजे हजार रुपये जास्त गेले आणि रात्रभर चाकावरचे धक्के खाल्ले.

आता दोन्ही एकत्र ठेवा. जिंकलो तर ३५०, हरलो तर १,०००. चारपैकी तीनदा जिंकलो तरी हिशेब जेमतेम बरोबरीला येतो. त्यामुळे ‘बहुतेक उतरेल’ एवढ्यावर थांबणं परवडत नाही, जवळजवळ खात्री हवी. अशी खात्री मला फक्त दोन गोष्टी जुळल्या तरच वाटते. गाडीची फेरी आपल्या बाजूने असावी आणि दुपारचा नकाशा रिकामा असावा. शिवाय परीक्षा, मोठे लग्नमुहूर्त आणि जोडून आलेल्या सुट्ट्या आधी तपासायच्या. एरवी ओस पडलेल्या मार्गालाही एखादी परीक्षा एका रात्रीत भरून टाकते.

चौथी चूक: फारच रिकाम्या गाडीवर विसंबणं

हे फारसं कुणी सांगत नाही. दुपारी चारपर्यंत एखाद्या गाडीत तीन-चारच बर्थ गेले असतील तर ती गाडी निघेलच असं नाही. ट्रॅव्हल्सवाले अशा वेळी दोन गाड्या एकत्र करतात. तुम्हाला सातला फोन येतो की गाडी बदलली, साडेआठऐवजी साडेदहाची घ्या, किंवा एसीऐवजी नॉन-एसी. स्वस्त तिकीट हातात असतं, पण ठरवलेली गाडी नसते. म्हणून थांबायचंच असेल तर सर्वांत रिकामी गाडी निवडू नका. आठ-दहा बर्थ गेलेली, रोज ठरलेल्या वेळी सुटणारी गाडी घ्या. परतीच्या भरलेल्या फेरीसाठी लागणारी शनिवारची गाडी सहसा रद्द होत नाही, हाही तिचा फायदा.

थांबण्याची मुदतही आधीच ठरवा. ॲपवर दिसते ती निघायची वेळ पहिल्या पॉइंटची असते. गाडी निगडीहून सातला सुटत असली तरी वाघोलीला पोचायला पावणेदहा होतात. शेवटच्या पॉइंटवर चढणाऱ्याच्या हाती पावणेतीन तास जास्त असतात, वाकड-निगडीवाल्याच्या हाती नसतात. तरी बुकिंग काही वेळ आधी बंद होतं, त्यामुळे आपल्या पॉइंटच्या दोन तास आधी जे भाडं असेल ते घ्यायचं. ॲपवर सीट दिसेनाशी झाली तर त्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसला थेट फोन करा. मध्यस्थाचं कमिशन वाचत असल्याने भाव थोडा खाली येतो.

अडकलातच तर

राज्य शासनाच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयानुसार खासगी गाडीचं भाडं त्याच प्रकारच्या एसटी गाडीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. एसटीचं भाडं बघा, दीडने गुणा. त्यावर मागत असतील तर तिकिटाचा फोटो ठेवून आरटीओकडे तक्रार करता येते. पैसे त्या रात्री परत मिळणार नाहीत, पण समोरच्या ऑफिसशी बोलताना हा आकडा तोंडपाठ असला की फरक पडतो.

दुसरं म्हणजे तुमच्याबरोबर महिला किंवा ज्येष्ठ असतील तर आधी एसटीचं गणित मांडा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ वरच्यांना प्रवास मोफत. आई आणि बहीण सोबत असताना खासगी गाडीचं भाडं दोनशेने उतरायची वाट बघण्यात काहीच हशील नसतं, कारण ते एसटीच्या अर्ध्या तिकिटाखाली क्वचितच जातं. झोपून जायचंच असेल तर त्या सोयीचे म्हणून जास्तीचे पैसे द्या, स्वस्त पडेल म्हणून नको.

विमानाला मात्र यातलं काही लावू नका. पुणे–नागपूर उड्डाणं दिवसात मोजकीच असतात. शेवटच्या जागा कंपन्या अडल्या माणसासाठी राखून ठेवतात. एखादं रात्री उशिराचं विमान रिकामं चाललं तर भाडं खाली येतंही, पण बससारखं वीस गाड्यांनी एकमेकींना पाडण्याचं गणित तिथे नाही. रेल्वेत चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा करंट बुकिंगमध्ये मिळतात, फक्त त्या उरायला हव्यात, आणि शुक्रवारी त्या उरत नाहीत.

गाडी एकत्र केल्याचा फोन आलाच, तर ‘चालेल’ म्हणायच्या आधी नव्या गाडीचा प्रकार, नंबर आणि तुमच्या पॉइंटची वेळ मेसेजवर मागून घ्या. एसीचे पैसे घेऊन नॉन-एसी देत असतील तर फरकाची रक्कम गाडीत चढायच्या आधी मागा. गाडी सुटल्यावर क्लीनर म्हणतो ‘ऑफिसला विचारा’, आणि त्या वेळी ऑफिस बंद झालेलं असतं.