या चुका टाळा: प्रबंधातील ॲबस्ट्रॅक्ट, सिनॉप्सिस आणि सारांश

प्रबंधाचा ॲबस्ट्रॅक्ट हातात घेतला की आधी क्रियापदं पाहावीत. ‘अभ्यास करण्यात येणार आहे’, ‘माहिती संकलित केली जाईल’ अशी वाक्यं दिसली, तर नोंदणीच्या वेळचा सिनॉप्सिस उघडून त्यातला पहिला परिच्छेद तसाच उचलला आहे हे ओळखायला वेळ लागत नाही. चार वर्षांचं काम संपलेलं असतं आणि पहिल्या पानावर ते अजून सुरू व्हायचं असतं.

ही चूक आळसातूनच होते असं नाही. तिन्ही मजकूर म्हणजे ‘प्रबंध थोडक्यात’, अशी समजूत असते. पण ते वाचणारी माणसं निराळी आणि वाचण्याची वेळही निराळी.

एक कल्पित उदाहरण घेऊ. विषय अर्थशास्त्राचा: निफाड तालुक्यातले शेतकरी उन्हाळी कांदा चाळीत किती काळ ठेवतात आणि त्यात त्यांना खरंच फायदा होतो का. पुढे येणारे आकडेही कल्पितच आहेत.

सिनॉप्सिस एक नाही, दोन

आपल्याकडचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. पीएचडीच्या नोंदणीसाठी समितीपुढे मांडायच्या आराखड्यालाही सिनॉप्सिस म्हणतात आणि बऱ्याच विद्यापीठांत प्रबंध सादर करण्यापूर्वी जो संक्षेप द्यावा लागतो, त्यालाही सिनॉप्सिसच म्हणतात. सीनियरकडून ‘नमुना’ मागून घेताना तो यांतला कोणता, हे विचारायचं राहून जातं.

पहिला सिनॉप्सिस भविष्यकाळात असतो. समितीला एवढंच ठरवायचं असतं की हा प्रश्न विचारण्याजोगा आहे का आणि या विद्यार्थ्याला तो झेपेल का. म्हणून त्यात समस्या, आधीच्या संशोधनात राहिलेली फट, उद्दिष्टं, गृहीतकं, नमुना कसा निवडणार, नियोजित प्रकरणं, वेळापत्रक आणि संदर्भ येतात. निष्कर्ष येत नाहीत, कारण ते अजून नाहीतच. आपल्या उदाहरणात इथे लिहायचं ते असं: ‘साठवणुकीतली घट वजा केल्यास भाववाढीचा लाभ बहुसंख्य शेतकऱ्यांना मिळत नाही, हे गृहीतक तपासले जाईल.’ इथे अनेक जण ‘शेतकऱ्यांना लाभ मिळत नाही’ असं ठाम लिहून मोकळे होतात. मग समितीतलं कोणीतरी हमखास विचारतं, उत्तर माहीत असेल तर संशोधन कशाला?

दुसरा सिनॉप्सिस भूतकाळात. तो बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि प्रबंध तपासायला घ्यायचा की नाही हे त्यावरून ते ठरवतात. यात प्रकरणवार काय केलं, काय सापडलं, नवीन काय, हे यायला हवं. पहिल्याच सिनॉप्सिसच्या क्रियापदांना भूतकाळ लावून काम भागवलं, की पद्धतीची आठ पानं आणि निष्कर्षांचं अर्धं पान असा तोल जातो. प्रमाण नेमकं उलट हवं. पानांची मर्यादा विद्यापीठागणिक बदलते, त्यामुळे ती आपल्याच विद्यापीठाच्या परिपत्रकात पाहावी, मित्राच्या प्रबंधात नव्हे.

ॲबस्ट्रॅक्टमध्ये कांद्याचा इतिहास नको

ॲबस्ट्रॅक्ट साधारण अडीचशे ते साडेतीनशे शब्दांचा असतो आणि तो प्रबंधापासून सुटा होऊन फिरतो. शोधगंगेवर कुणी शोध घेतला तर दोनशे पानं उघडण्याआधी तो एवढंच वाचेल. म्हणून त्यात संदर्भ, तक्ते, ‘प्रकरण ४ पाहा’ आणि न फोडलेली लघुरूपं नकोत.

बिघडलेला ॲबस्ट्रॅक्ट असा असतो: ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे. कांदा हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे नगदी पीक आहे. प्रस्तुत प्रबंधात शेतकऱ्यांच्या साठवणुकीचा सखोल अभ्यास करण्यात आला असून महत्त्वपूर्ण निष्कर्ष व उपयुक्त शिफारशी मांडण्यात आल्या आहेत.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण निष्कर्ष आहेत एवढंच कळतं, ते काय आहेत हे कळत नाही. परीक्षा सोपी आहे: कांद्याच्या जागी ऊस घातला तरी परिच्छेद तसाच चालत असेल, तर तो खोडा.

दुरुस्त केलेला असा: ‘उन्हाळी कांदा चाळीत ठेवून भाववाढीची वाट पाहणे शेतकऱ्याला परवडते का, हे या प्रबंधात तपासले आहे. निफाड तालुक्यातील १७२ शेतकऱ्यांच्या साठ्याची व विक्रीची नोंद दोन हंगाम दर पंधरवड्याला घेतली. चार महिन्यांत वजनात सरासरी २८ टक्के घट आढळली. ही घट धरल्यावर सुमारे एक तृतीयांश शेतकऱ्यांनाच लाभ झाला. पीककर्ज थकलेल्यांनी बहुतांश माल पहिल्या सहा आठवड्यांत विकला. दोनच हंगामांच्या नोंदी असल्याने अतिवृष्टीच्या वर्षांना हे निष्कर्ष लागू करता येत नाहीत.’ पार्श्वभूमी जवळपास सगळी गेली आणि मोकळी झालेली जागा निष्कर्षांनी घेतली. शेवटच्या मर्यादेच्या वाक्याला बिचकू नका. परीक्षकाचा विश्वास त्याने वाढतोच.

आणखी एक गोष्ट. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत ॲबस्ट्रॅक्ट, सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष आणि शिफारशी हा मूळ कल्पनांवर आधारलेला भाग मानला असून त्यात साम्य असू नये, असं म्हटलं आहे. सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे शब्द त्यातून वगळले आहेत. ‘एकूण साम्य दहा टक्क्यांच्या आत आहे ना’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे कलम वाचावं. कृषिप्रधान देशाची ती ओळ आधी कुणीतरी लिहिलेली असतेच.

सारांश म्हणजे फुगवलेला ॲबस्ट्रॅक्ट नव्हे

सारांश बहुतेक वेळा शेवटच्या प्रकरणात, निष्कर्ष आणि शिफारशींच्या आधी येतो. तो वाचणाऱ्यासमोर अख्खा प्रबंध असतो, त्यामुळे इथे पायऱ्या दाखवायच्या. ॲबस्ट्रॅक्टमध्ये ‘एक तृतीयांश शेतकऱ्यांनाच लाभ’ एवढं पुरलं. सारांशात ते का, हे हवं: शंभर किलोंतले ७२ किलोच उरले, तर केवळ बरोबरी साधायला भाव सुमारे ३९ टक्के चढावा लागतो आणि त्यात चाळीचा खर्च व कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही. मग प्रत्येक उद्दिष्टाला आणि गृहीतकाला त्याचं उत्तर द्यायचं. टिकलं की नाही, हे स्पष्ट. नवा तक्ता, नवा संदर्भ, आधीच्या प्रकरणांत कुठेही नसलेला मुद्दा इथे पहिल्यांदा डोकावला, तर तो योग्य प्रकरणात परत न्या.

आकडे कुठे फुटतात

आपल्या उदाहरणात नोंदणीच्या सिनॉप्सिसमध्ये नमुना १८० शेतकऱ्यांचा होता. आठ जणांनी दुसऱ्या हंगामात नोंदी दिल्या नाहीत, राहिले १७२. ॲबस्ट्रॅक्टमध्ये १८०, चौथ्या प्रकरणात १७२ आणि सारांशात ‘सुमारे दोनशे’, असं घडतं, कारण तिन्ही मजकूर वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलेले असतात. उद्दिष्टांचंही तसंच. पाचापैकी एक वगळलं असेल, तर ते का वगळलं हे पद्धतीच्या प्रकरणात सांगावं लागतं. शीर्षक बदललं असेल, तर विद्यापीठाची रीतसर मंजुरी आहे का, हे सादरीकरणाच्या बऱ्याच आधी मार्गदर्शकांना विचारा. ऐन वेळी अर्ज अडकतो तो अशाच ठिकाणी.

प्रबंध मराठीत असेल आणि इंग्रजी ॲबस्ट्रॅक्टही द्यायचा असेल, तर तो बाहेरून भाषांतर करून घेतल्यावर आकडे, गावांची नावं आणि शीर्षक स्वतः ताडून पाहा. ‘चाळ’ या शब्दाचं भाषांतर करणाऱ्याने मुंबईतली चाळ करून ठेवलेली असू शकते.