सोनेतारण कर्जाची तुलना करताना या चुका टाळा : ऊसबिलावर फेडणाऱ्यांसाठी

निपाणी, चिकोडी, अथणी भागात ऊसबिल मिळाल्यावर दागिने सोडवायचे असे ठरवून जून-जुलैत सोने गहाण ठेवणारी घरे पुष्कळ आहेत. अशा कर्जासाठी चार ठिकाणी चौकशी करताना प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "शेकडा किती?" पहिली चूक इथेच होते. तो आकडा व्याज कधी भरल्यावर लागू होतो, हे विचारायचे राहून जाते.

मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी 1 जुलैला एक लाख घेतले आणि 31 डिसेंबरला फेडायचे, असे धरू. दर फक्त उदाहरणापुरते आहेत. पहिल्या ठिकाणी पाटीवर "महिना 99 पैसे" आणि मूल्यांकन मोफत. खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते, की दर महिन्याला व्याज भरले तरच हा दर, नाहीतर पहिल्या दिवसापासून महिना दीड टक्का आणि थकलेले व्याज मुद्दलात जमा. दुसऱ्या ठिकाणी सरळ 12 टक्के वार्षिक, दिवसांवर मोजलेले, सगळे शेवटी. तिथे प्रक्रिया शुल्क कर धरून 590 रुपये आणि सराफाची तपासणी फी 300 रुपये.

पहिल्या ठिकाणी दरमहा 990 रुपये न चुकता भरले, तर सहा महिन्यांचे 5,940 होतात आणि तेच स्वस्त पडते. पण हातात पैसा डिसेंबरलाच येणार असेल तर महिन्याला दीड टक्का चक्रवाढ लागून व्याज 9,344 रुपयांवर जाते. दुसऱ्या ठिकाणी 183 दिवसांचे व्याज 6,016, वर 890 खर्च, म्हणजे 6,906. "मोफत मूल्यांकन" पाहून गेलेल्या शेतकऱ्याचे 2,438 रुपये जास्त गेले. पगारदाराने पहिले घ्यावे, ऊसवाल्याने दुसरे. म्हणून प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा : "डिसेंबरपर्यंत मधे एक रुपयाही भरला नाही, तर सोडवताना एकूण किती द्यायचे?" उत्तर कागदावर लिहून घ्या. आठवड्यात सोडवले तरी किमान किती दिवसांचे व्याज लागते, हेही त्याच वेळी विचारा.

मुदतीच्या शेवटी एकरकमी फेडायच्या कर्जात रक्कम कमी मिळते, म्हणून कर्मचाऱ्याशी वाद घालू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार घरखर्चासाठी अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारण कर्जात सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि एकरकमी कर्जात त्या मर्यादेत मुदतीअखेरचे व्याजही धरतात. सोन्याची किंमत सव्वा लाख असेल तर मर्यादा 1,06,250. 12 टक्क्यांनी वर्षाचे व्याज आत धरले की हातात साधारण 94,800 येतात.

दुसरी मोठी चूक वजनाची. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, मंगळसूत्रात काळे मणी असतात, ठुशीला दोरा असतो. एका ठिकाणी 32 ग्रॅमचे निव्वळ 28 धरतात, दुसरीकडे 26. मग "आम्ही ग्रॅमला जास्त देतो" याला अर्थ राहत नाही. तपासणी तुमच्यासमोरच व्हायला हवी. पावतीवर एकूण वजन, वजावट, निव्वळ वजन आणि कॅरेट या चारही गोष्टी असल्याशिवाय सही करू नका. एखादा दागिना तुटका, वाकलेला असेल तर तोही नोंदवून घ्या, म्हणजे सोडवताना तक्रार राहत नाही.

सोडवण्याच्या अटी तर बहुतेक जण विचारतच नाहीत. पाकीट याच शाखेत राहणार की दुसऱ्या गावच्या तिजोरीत? अर्धे पैसे भरले तर पाटल्या सुटतील का, की सगळे एकदमच सोडवावे लागेल? घरात लग्न असते तेव्हा हाच प्रश्न अडतो. रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांनुसार बँक किंवा वित्त कंपनीने पूर्ण फेडीनंतर दागिने त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचे असतात. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. पण आपल्याकडे गल्लोगल्ली असलेल्या सौहार्द सहकारी आणि पतसंस्थांना, तसेच गहाणवट सावकारांना हे निर्देश लागू नाहीत. तिथे मुख्यतः करारात लिहिलेलेच तुमच्या हातात असते, म्हणून परतीची मुदत त्यातच घालून घ्या.

करार कन्नड किंवा इंग्रजीत पुढे आला आणि वाचता आला नाही, तर बँकेत अटी मराठीत मागा. ग्राहकाने निवडलेल्या भाषेत माहिती देण्याची तरतूद त्याच निर्देशांत आहे. सोबत मिळणाऱ्या मुख्य तथ्य पत्रकात सर्व शुल्क धरून वार्षिक दर छापलेला असतो. दोन बँकांची तुलना पाटीवरच्या पैशांवर न करता त्या आकड्यावर करा, पण आधी दोन्ही पत्रके एकाच मुदतीची आणि एकाच फेडीच्या पद्धतीची आहेत ना, ते पाहा.