स्लाइड मोजून दर सांगताना होणाऱ्या चुका

बडोद्यात स्टार्टअप आणि सल्लागारांना डेक, म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइड्सची फाइल, तयार करून देण्याचे काम मी दांडिया बाजारातल्या घरातून करते. पहिली दोन वर्षे मला सर्वांत महागात पडलेली चूक एकच होती: ग्राहकाची फाइल उघडायची, स्लाइड्स मोजायच्या आणि त्याच दिवशी दर कळवून मोकळे व्हायचे.

मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीचे उदाहरण घेते. पंपाची थरथर मोजून बेअरिंग कधी जाणार याची आगाऊ सूचना देणारा सेन्सर ते बनवत होते आणि गुंतवणूकदारांना दाखवण्यासाठी त्यांच्याकडे 26 स्लाइड्सची फाइल होती. मी स्लाइडमागे 700 रुपये, म्हणजे एकूण 18,200 रुपये सांगितले. फाइल नीट वाचल्यावर लक्षात आले, की सेन्सरची माहिती पाच ठिकाणी विखुरली होती आणि किती पैसे हवेत हे कुठेच लिहिलेले नव्हते. काय सांगायचे आणि कोणत्या क्रमाने, ही मांडणी लावण्यात नऊ तास गेले आणि शेवटी 12 मुख्य स्लाइड्स आणि प्रश्न आल्यास दाखवायच्या चार पुरवणी स्लाइड्स उरल्या. तेव्हा मालक म्हणाले, "अहो ताई, सव्विसाच्या बारा झाल्या, म्हणजे काम निम्म्याहून कमी झाले ना? आणि पुरवणीतल्या चार तर आमच्याच आहेत." माझ्याच हिशेबाने त्यांचे म्हणणे बरोबर होते. हातात 8,400 रुपये पडले.

चांगली मांडणी स्लाइड्स कमी करते आणि स्लाइडवरचा दर त्याच मेहनतीचा दंड करतो. म्हणून मांडणीचे पैसे वेगळे आणि ठोक घ्यावेत आणि स्लाइड्सची संख्या शीर्षकांची यादी मंजूर झाल्यावरच ठरवावी. त्याआधी ग्राहकाने आकडा मागितलाच, तर अंदाजाची खालची आणि वरची मर्यादा सांगावी.

शीर्षकांची यादी म्हणजे एका पानावर प्रत्येक स्लाइडसाठी एक पूर्ण वाक्य. त्या कंपनीच्या फाइलमध्ये "समस्या", "उत्पादन", "बाजारपेठ" अशी शीर्षके होती, जी कोणत्याही कंपनीला चालली असती. त्यांच्या जागी आम्ही असे लिहिले: "बेअरिंग निकामी होण्याआधी पंप थरथरू लागतो, पण लहान कारखान्यात ते मोजणारे कोणी नसते." पुढचे वाक्य: "पंप न थांबवता बसणारा आमचा सेन्सर थेट फिटरच्या फोनवर सूचना पाठवतो." ही वाक्ये सलग वाचली की गोष्ट कळली पाहिजे, दोन वाक्यांची अदलाबदल करूनही काहीच बिघडत नसेल, तर तिथे मांडणी अजून लागलेली नाही असे समजावे. हे पान मी ग्राहकाला मोठ्याने वाचायला लावते, कारण जिथे तो अडखळून "याचा अर्थ असा की…" म्हणू लागतो, तिथले खरे शीर्षक बहुधा त्याच्या तोंडूनच निघते.

सल्लागारांच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. पैसे वाचवण्यासाठी ते दोन स्लाइड्सचा मजकूर एकीत कोंबतात आणि "एकच स्लाइड आहे" म्हणतात. अशी स्लाइड शीर्षकावरून ओळखता येते: वाक्य "आणि"शिवाय पूर्ण होत नसेल, तर बहुतेक वेळा त्या दोन स्लाइड्स असतात. करारात मी आता "एक विधान म्हणजे एक स्लाइड" असेच लिहिते.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना एकच दर. संचालकांची ओळख देणारी स्लाइड आणि तीन वर्षांच्या जमाखर्चातून तयार करायचा आलेख यांच्या कामात काही पटींचे अंतर असते, विशेषतः आलेख चित्र म्हणून न चिकटवता ग्राहकाला आकडे बदलता येतील असा द्यायचा असेल तेव्हा. माझे सध्याचे दर साध्या स्लाइडला 400, मध्यम स्लाइडला 700 आणि जड स्लाइडला 1,400 असे आहेत. त्याच 12 मुख्य स्लाइड्समध्ये तीन साध्या, सहा मध्यम आणि तीन जड होत्या, म्हणजे 9,600 रुपये. चार पुरवणी स्लाइड्स साध्या दराने 1,600 आणि मांडणीचे 6,000 धरून एकूण 17,200 होतात. मांडणीची रक्कम डिझाइन सुरू करण्याआधीच पूर्ण घ्यावी, कारण ग्राहक तिथेच थांबला, तरी ते काम झालेलेच असते.

काम अर्ध्यावर असताना "आता आपण वेगळ्या पद्धतीने सांगू या" असा फोन आला, तर स्लाइड्स उघडू नयेत. मंजूर यादी पुन्हा समोर ठेवून ग्राहकाकडूनच बदललेल्या वाक्यांवर खूण करून घ्यावी. वाक्य तेच राहून खालचा आकडा किंवा शब्द बदलला असेल, तर ती दुरुस्ती, आणि अशा दोन फेऱ्या मी दरातच धरते. वाक्यच बदलले असेल, तर ती नवी स्लाइड आणि तिचे पैसे नवे. फाइलमध्ये लपवून ठेवलेल्या स्लाइड्सही यादीत घ्याव्यात, कारण सादरीकरणाच्या आदल्या रात्री त्याच "एवढी एकच करून द्या" म्हणून परत येतात.