मूळ श्लोक आणि मराठी अनुवाद शेजारीशेजारी : मेघदूताच्या द्विभाषिक प्रतीची तयारी

आषाढाच्या पहिल्या दिवशी रामटेकला कालिदासाचे स्मरण होते आणि नागपुरातून जाणाऱ्या वाचकांना हाती धरता येईल अशी मेघदूताची छोटी प्रत हवी असते, ज्यात डावीकडे मूळ संस्कृत आणि त्याच पानावर उजवीकडे मराठी गद्य अनुवाद असेल. अशी प्रत काढायला निघालेल्या मंडळाने अक्षरजुळणी करणाऱ्याकडे जाण्यापूर्वी काय काय उरकून ठेवावे, ते येथे क्रमाने मांडले आहे. बहुतेक घोळ पानाच्या मांडणीत होत नाहीत, ते त्याच्या आधी होतात; म्हणून या टिपणाचा मोठा भाग मांडणीपूर्वीच्या कामाला दिला आहे.

पहिले काम म्हणजे मूळ पाठ कोणता घ्यायचा हे ठरवणे, आणि ते अनुवादाकडे पाहूनच ठरवावे लागते. मेघदूताच्या श्लोकांची संख्या सर्व प्रतींत सारखी नाही. टीकाकार वल्लभदेवाच्या पाठात १११ श्लोक धरले जातात, तर मल्लिनाथाच्या टीकेसह छापलेल्या प्रतींत त्याहून अधिक श्लोक आढळतात. काही प्रतींत क्रमांक सलग चालतात, काहींत उत्तरमेघापाशी, म्हणजे काव्याच्या दुसऱ्या भागापाशी, पुन्हा १ पासून सुरू होतात. अनुवादकाने एका प्रतीवरून काम केले असेल आणि डाव्या स्तंभासाठी आपण दुसरीच प्रत टंकलिखित करून घेतली असेल, तर पहिला अधिकचा श्लोक येताच दोन्ही बाजू एका घराने सरकतात आणि पुढे सरकतच राहतात. म्हणून अनुवादकाने वापरलेली छापील प्रत, तिच्या संपादकाचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष यांसह मिळवावी आणि मूळही तिच्यावरूनच घ्यावे. अनुवादक हयात नसेल आणि प्रत समजत नसेल, तर पाठभेदांच्या जागांवरून ती ओळखावी लागते.

पाठभेदाचे सर्वांत परिचित उदाहरण दुसऱ्याच श्लोकात आहे. मल्लिनाथ ‘आषाढस्य प्रथमदिवसे’ असा पाठ घेतो, वल्लभदेव ‘प्रशमदिवसे’ असा घेतो. पहिल्यात आषाढाचा आरंभ आहे, दुसऱ्यात अखेर. डावीकडे ‘प्रशम’ आणि उजवीकडे ‘आषाढाच्या पहिल्या दिवशी’ असे छापले गेले, तर संस्कृत जाणणारा वाचक अनुवादकाला दोष देईल आणि न जाणणाऱ्याला चूक कळणारच नाही. स्वतंत्र छापलेल्या अनुवादात असा फरक खपून जातो, पण शेजारीशेजारी छापल्यावर तो दोन बोटांच्या अंतरावर येतो. अशा जागी अनुवादाला हात लावू नये. मूळ पाठ अनुवादाशी जुळता ठेवावा आणि दुसरा पाठ शेवटच्या टिपांत द्यावा. रामटेकला जमणारी मंडळी पहिला दिवसच पाळतात, तेव्हा आपल्या वाचकांसाठी ‘प्रथम’ स्वीकारणारी प्रत सोयीची, असे आमचे मत आहे.

याच नियमाने ‘रामगिरि’ या शब्दाचाही निकाल लागतो. रामगिरी म्हणजे आपले रामटेक, हे मत नागपूरच्या वा. वि. मिराशींनी साधार मांडले आहे, आणि अनुवादात थेट ‘रामटेक’ लिहिण्याचा मोह इथल्या कोणालाही होईल. तरीही डाव्या स्तंभात ‘रामगिर्याश्रमेषु’ असताना उजव्या स्तंभात रामगिरीच हवा, आणि मिराशींचे मत टिपेत हवे.

दुसरे काम जुळणीचे एकक ठरवण्याचे. उत्साही मंडळी चरणासमोर चरण ठेवू पाहतात. पहिला श्लोक घेऊन पाहावे:

कश्चित्कान्ताविरहगुरुणा स्वाधिकारात्प्रमत्तः
शापेनास्तंगमितमहिमा वर्षभोग्येण भर्तुः ।
यक्षश्चक्रे जनकतनयास्नानपुण्योदकेषु
स्निग्धच्छायातरुषु वसतिं रामगिर्याश्रमेषु ॥

येथे ‘कश्चित्’ पहिल्या चरणात आहे आणि ज्याचे ते विशेषण, तो यक्ष तिसऱ्या चरणात येतो. ‘चक्रे’ हे क्रियापद तिसऱ्यात आहे आणि त्याचे कर्म ‘वसतिं’ चौथ्यात. मराठी वाक्य ‘कामात चुकलेला कोणी एक यक्ष’ असे सुरू होऊन ‘आश्रमांत राहू लागला’ असे संपणार. या मराठी वाक्याचे चार तुकडे करून चार चरणांसमोर ठेवले, तर एकही तुकडा समोरच्या चरणाचा अर्थ सांगत नाही आणि वाक्य मात्र मोडते. म्हणून एकक पूर्ण श्लोक हेच ठेवावे. मेघदूतात प्रायः एका श्लोकात एक वाक्य पुरे होते, त्यामुळे हे सोपे जाते. रघुवंशासारखे काव्य पुढेमागे हाती घेतले, तर पहिल्या सर्गातील ५ ते ९ या श्लोकांचे कुलक आहे, म्हणजे पाच श्लोकांत मिळून एकच वाक्य आहे. तिथे पाचही श्लोकांचा एकच गट करून समोर एकच परिच्छेद ठेवावा आणि क्रमांक ‘५–९’ असा द्यावा.

एकक ठरले की स्प्रेडशीट उघडावी. तिच्यात एका श्लोकाला एक ओळ, आणि स्तंभ चारच: आपला सलग क्रमांक, श्लोकाचे प्रतीक म्हणजे आरंभीची काही अक्षरे, मूळ आणि अनुवाद. प्रतीकाचा स्तंभ अनावश्यक वाटतो, पण तोच सर्वांत उपयोगी ठरतो, कारण क्रमांक प्रतीगणिक बदलतात आणि ‘कश्चित्कान्ता’ बदलत नाही. जुळणी नेहमी याच तक्त्यात दुरुस्त करावी. पानावर परस्पर एखादा परिच्छेद खाली ढकलून जुळवलेली बाजू पुढच्या दुरुस्तीत पुन्हा सुटते.

मजकूर तक्त्यात भरण्यापूर्वी चिन्हांची सफाई करावी. टंकलेखक श्लोकाच्या शेवटी कधी ‘॥’ हे एकच दुहेरी दंडाचे चिन्ह देतात, कधी दोन एकेरी दंड जोडून ‘।।’ लिहितात, कधी कळफलकावरची | ही उभी रेघ दोनदा दाबतात. डोळ्यांना तिन्ही सारखी दिसतात, यंत्राला नाहीत. एकेरी दंड U+0964, दुहेरी U+0965 आणि अवग्रह U+093D असे एकसारखे करून घेतले, की ‘॥’ मोजून श्लोक पूर्ण आहेत की नाहीत ते पाहता येते; मात्र क्रमांक ‘॥१॥’ असा लिहिला असेल तर दर श्लोकाला दोन चिन्हे भरतात, हे ध्यानात ठेवावे. मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधून रूपांतरित झालेला असेल, तर अवग्रह, रफार आणि विसर्ग ही तीन स्थळे डोळ्यांनी तपासावीत. अनुस्वार लिहायचा की परसवर्ण, म्हणजे ‘शापेनास्तंगमित’ की ‘शापेनास्तङ्गमित’, हेही एकदाच ठरवून टाकावे.

त्यानंतर जुळणीची तपासणी. तक्त्यात पाचवा, तात्पुरता स्तंभ काढून मूळ C मध्ये आणि अनुवाद D मध्ये असेल तर पुढील सूत्र द्यावे:

```
=LEN(D2)/LEN(C2)
```

हे गुणोत्तर बहुतेक ओळींत जवळपास सारखे राहते. एखादा आकडा शेजाऱ्यांच्या निम्म्यावर आला तर अनुवादाचे एखादे वाक्य गळाले असावे, दुप्पट झाला तर दोन श्लोकांचा अनुवाद एका घरात शिरला असावा. पण सगळे एका घराने सरकले असेल तर हे सूत्र गप्प बसते, कारण सरकलेल्या ओळींचीही लांबी साधारण तेवढीच असते. ते पकडण्यासाठी मेघाच्या वाटेवरची नावे उपयोगी पडतात. आम्रकूट, रेवा, दशार्ण, विदिशा, वेत्रवती, निर्विंध्या, शिप्रा, गंभीरा अशी ती एकामागून एक येतात. डावीकडे वेत्रवती असताना उजवीकडे निर्विंध्या वाहू लागली, तर चूक तिच्या आणि मागच्या जुळलेल्या नावाच्या मधे कुठेतरी आहे. उत्तरमेघात अलका गाठल्यावर ही सोय संपते. तिथे संस्कृत जाणणाऱ्याने प्रत्येक ओळ वाचण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मंडळाने त्यासाठी वेळ राखून ठेवावा.

आता पान. डेमी अष्टपत्री आकार म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, यातून समास वगळता मजकुराला सुमारे १०८ मिलिमीटर रुंदी उरते. मधली मोकळी जागा ५ मिलिमीटर धरली तर उरलेल्या १०३ चे दोन समान भाग करू नयेत, कारण गद्य अनुवाद मुळाहून नेहमीच लांब होतो. डावीकडे ४३ आणि उजवीकडे ६० मिलिमीटर ही वाटणी चांगली बसते. एवढ्या अरुंद डाव्या स्तंभात मंदाक्रांतेचा सतरा अक्षरांचा चरण वाचनीय आकारात मावत नाही, पण वृत्तानेच तोडण्याची जागा दिलेली आहे. यति चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर येतो; दहाव्या अक्षरानंतर ओळ तोडून उरलेली सात अक्षरे थोडी आत सरकवून खाली घ्यावीत. ‘यक्षश्चक्रे जनकतनया’ एका ओळीत आणि ‘स्नानपुण्योदकेषु’ पुढच्या ओळीत. येथे सामासिक शब्द तुटतो, तरी संयोगचिन्ह देऊ नये. आत सरकलेली ओळच पुरेशी खूण आहे. अशा रीतीने श्लोकाच्या आठ ओळी होतात आणि मराठी गद्यही साधारण आठ-नऊ ओळींचे होत असल्याने दोन्ही बाजू जवळजवळ एकत्र संपतात. जिथे संपत नाहीत तिथे खाली मोकळी जागा राहू द्यावी. टंकाचा आकार एका श्लोकापुरता कमी करून बाजू भरणे हा उपाय नव्हे.

वर्डमध्ये काम होणार असेल तर दोन स्तंभांचा बिनरेघांचा तक्ता करून, ओळीच्या गुणधर्मांतील Allow row to break across pages ही खूण काढून टाकावी, म्हणजे कोणताही श्लोक दोन पानांत विभागला जात नाही. दोन स्तंभांची साधी मांडणी, म्हणजे वर्तमानपत्रातल्यासारखी एका स्तंभातून दुसऱ्यात वाहणारी, येथे अजिबात उपयोगाची नाही. लाटेकवर हात बसलेला कोणी असेल तर `paracol` घ्यावे. त्यातील `\switchcolumn*` ही आज्ञा दोन्ही स्तंभांना पुन्हा एका रेषेत आणते. फॉन्ट निवडताना त्यात मराठी वळणाचे ल आणि श आहेत का ते पाहावे आणि भाषा म्हणून मराठी नेमावी, नाहीतर एकाच पानावर डावीकडे एक ल आणि उजवीकडे दुसरा असा प्रकार होतो.

नागपुरात हिंदी वाचकही मोठ्या संख्येने आहेत आणि कोणीतरी तिसरा स्तंभ सुचवतोच. डेमी आकारात त्याला नकार द्यावा. हिंदीची आवृत्ती त्याच तक्त्यातून स्वतंत्र काढता येते.

स्वामित्वहक्काचा प्रश्न थोडक्यात सांगतो. कालिदासाचा पाठ सर्वांचा आहे, पण अनुवाद अनुवादकाचा आहे, आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे तो त्याच्या वारसांचा राहतो. लेखी परवानगी मुद्रणापूर्वी हातात हवी. आधुनिक संपादकाच्या टिपा आणि प्रस्तावना विनापरवाना उचलू नयेत.

शेवटचे मुद्रित दोघांनी मिळून वाचावे. एकाने श्लोकाचे प्रतीक मोठ्याने म्हणावे, दुसऱ्याने समोरच्या अनुवादाचे पहिले वाक्य, आणि दोघांचे जुळल्यावरच पुढे जावे. श्लोकांच्या प्रतीकांची अकारविल्हे सूची पृष्ठांकांसह त्यानंतरच तयार करावी, कारण मुद्रितात एखादे वाक्य वाढले की पुढची पाने सरकतात.